बिलातला जीएसटी का चुकत होता? दुरुस्तीनंतर तुम्ही विचारलेले प्रश्न

तुमच्या स्टेशनरी दुकानाची बिलं बनवणारी पायथन स्क्रिप्ट मी तपासली आणि दुरुस्त केली. त्या दरम्यान तुम्ही, तुमच्या मुलाने आणि हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी फोनवर जे जे विचारलं ते इथे एकत्र लिहून ठेवतो. पुन्हा कुणी विचारलं तर हेच पान दाखवता येईल, आणि सीएंकडे जाताना सोबत नेता येईल. काही प्रश्न मी थोडे नीट करून घेतले आहेत, पण ते तुमचेच आहेत.

नेमकं चुकत काय होतं, एका वाक्यात सांगा.

बिल छापणारा भाग टॅक्स एका पद्धतीने काढत होता आणि महिन्याचा गोषवारा काढणारा भाग दुसऱ्या पद्धतीने. त्यामुळे बिलावर एक आकडा जायचा आणि रिटर्नमध्ये दुसरा.

पण गिऱ्हाइकाकडून पैसे बरोबर घेतले जात होते ना?

हो. तुमचे बहुतेक दर एमआरपीचे, म्हणजे टॅक्ससकट आहेत. दहा रुपयांचं पेन दहालाच गेलं. छापील किमतीत सगळे टॅक्स धरलेले असतात, त्यामुळे तुम्हाला वर काही मागता येत नाही आणि स्क्रिप्टनेही कधी मागितलं नाही. चूक होती ती त्या दहा रुपयांच्या आतल्या वाटणीत: त्यातले तुमचे किती आणि सरकारचे किती. गल्ला रोज जुळायचा तो यामुळेच, आणि इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही तेही यामुळेच. गल्ला जुळला म्हणजे टॅक्स बरोबर आहे असं एमआरपीवर विकणाऱ्या दुकानात धरून चालत नाही.

मग लक्षात कसं आलं?

ज्या कारखान्याच्या ऑफिसला तुम्ही माल देता, त्यांच्या अकाउंटंटमुळे. त्यांचा जीएसटी नंबर असल्याने ते तुमच्या बिलातल्या टॅक्सचं क्रेडिट घेतात, आणि त्यासाठी बिलावरचा आकडा पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी शी ताडून बघतात. तुम्ही जीएसटीआर-१ मध्ये जे भरता तेच त्यांना २बी मध्ये दिसतं. बिलावर टॅक्स ९६३.४० रुपये होता आणि २बी मध्ये ९६१.०२. फरक दोन रुपये अडतीस पैशांचा. त्यांनी फोन केला, तुम्ही "राउंड ऑफ असेल" म्हणालात आणि विषय मिटला. पुढच्या महिन्यात परत तसंच झालं, तेव्हा तुम्ही मला सांगितलंत.

राउंड ऑफवर घातलेला तुमचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. फक्त बिलाच्या शेवटी येणाऱ्या राउंड ऑफचा यात काही हात नव्हता. तो बिलाच्या पोटात, फार आधीच होत होता.

त्याच बिलावर समजावून सांगा.

त्या बिलात दोनच वस्तू होत्या. दहा रुपयांची बॉलपेनं ५०० नग आणि ६५ रुपयांचे स्टेपलर २० नग. दोन्हींवर १८ टक्के. एकूण बिल ५००० अधिक १३०० म्हणजे ६३०० रुपये.

टॅक्ससकट किमतीतून टॅक्स बाहेर काढायचा तर किमतीला १८ ने गुणून ११८ ने भागायचं. सीजीएसटी नियमांतल्या नियम ३५ मध्ये हेच सूत्र आहे. स्क्रिप्टलाही ते ठाऊक होतं. पण तिने ते ५००० रुपयांवर वापरलं नाही. आधी एका पेनाचा टॅक्स काढला:

```
10 × 18 ÷ 118 = 1.5254...
```

इथेच तिने तो पैशापर्यंत आणून १.५३ केला आणि मग ५०० ने गुणला. झाले ७६५ रुपये. एका पेनामागे अर्ध्या पैशापेक्षाही कमी वाढ झाली, पण ती वाढ ५०० वेळा मोजली गेली. हेच सूत्र ५००० रुपयांवर थेट लावलं तर ७६२.७१ येतात.

स्टेपलरचंही तसंच. एका स्टेपलरचा टॅक्स ९.९१५२, त्याचा ९.९२ झाला, गुणिले २० म्हणजे १९८.४०. खरा आकडा १९८.३० च्या आसपास. म्हणून बिलावर ९६३.४० आले. गोषवारा काढणारा भाग मात्र पूर्ण ओळीच्या रकमेवरून हिशेब करत होता, त्यामुळे तिथे ९६१.०२ आले. म्हणजे तुमचं बिल चुकीचं होतं आणि रिटर्न बरोबर होतं. सहसा लोक उलटं समजतात, कारण बिल हातात असतं आणि रिटर्न कुणी उघडून बघत नाही.

एक गोष्ट यात ध्यानात येईल. पेन जितकी जास्त, तितका फरक मोठा. एकेक पेन विकलं तर तो दिसतही नाही. काउंटरवर महिनोन्महिने काही न कळता ठोक बिलावरच हा प्रकार उघडा पडला तो यामुळे.

आकडा नेहमी वरच जायचा का? म्हणजे आम्ही नेहमी जास्त टॅक्स दाखवत होतो?

नाही. ते वस्तूच्या किमतीवर अवलंबून आहे. दहाच्या पेनात १.५२५४ चा १.५३ झाला म्हणून वर गेला. वीस रुपयांच्या पेनात एका नगाचा टॅक्स ३.०५०८ येतो, त्याचा ३.०५ होतो, म्हणजे किंचित खाली. ५०० नगांना ते १५२५ होतात, खरे असतात १५२५.४२. काही वस्तू वर, काही खाली, आणि महिन्याच्या बेरजेत ते एकमेकांना थोडं खाऊन टाकतात. दिवाणजींना कधी बेरीज जवळजवळ जुळलेली दिसायची आणि कधी नाही, त्याचं कारण हे. जुळली तेव्हाही ती बरोबर नव्हती. दोन चुका एकमेकींवर पडून झाकल्या गेल्या होत्या, इतकंच.

सीजीएसटी आणि एसजीएसटीची बेरीज एकूण टॅक्सशी कधीकधी एका पैशाने जुळायची नाही. ते यामुळेच का?

ती वेगळी चूक. ज्या पार्टींना तुम्ही "दर अधिक जीएसटी" असं बिल देता, तिथे ती ठळक दिसते. जुन्या स्क्रिप्टमधला तो भाग असा होता:

```python
tax = round(price * qty * rate / 100, 2)
cgst = round(tax / 2, 2)
sgst = round(tax / 2, 2)
```

आधी पूर्ण टॅक्स काढला, मग त्याचे दोन समान भाग केले. टॅक्सचे पैसे विषम आले की निम्मे करताना अर्धा पैसा उरतो. समजा दर १२.५० चा आणि एक नग. टॅक्स २.२५, निम्मे १.१२५. स्क्रिप्टने दोन्हीकडे १.१२ लिहिले. बेरीज २.२४, पण वर एकूण टॅक्स २.२५. आता ३७.५० ची वस्तू घ्या. टॅक्स ६.७५, निम्मे ३.३७५. इथे तिने दोन्हीकडे ३.३८ लिहिले. बेरीज ६.७६. एकदा एक पैसा कमी, एकदा एक पैसा जास्त.

तुमच्या मुलाने विचारलं की अर्धा पैसा एकदा खाली आणि एकदा वर कसा? पायथनमधलं `round` आपल्या शाळेतल्या नियमाने चालत नाही. आपण पाच आले की वर जातो. ते बरोबर मधोमध आलेला आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेतं. १.१२५ च्या एका बाजूला १.१२ आणि दुसऱ्या बाजूला १.१३. शेवटचा अंक सम आहे १.१२ चा, म्हणून तिकडे. ३.३७५ च्या वेळी सम आहे ३.३८. ही काही पायथनमधली चूक नाही. लाखो आकडे मिळवताना बेरीज एका बाजूला झुकू नये म्हणून ती रीत मुद्दाम ठेवलेली आहे. पण बिलावर ती शोभत नाही, कारण गिऱ्हाईक कॅल्क्युलेटरने शाळेच्याच नियमाने मोजतं.

भाच्याने सांगितलं की संगणकाला दशांश नीट कळत नाहीत, म्हणून हे झालं. खरं आहे?

अर्धं खरं आहे. मीही पहिले दोन तास त्याच संशयात घालवले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधे दशांश आकडे पायथन शून्य आणि एक अशा दोनच अंकांच्या भाषेत साठवतं. त्या भाषेत ०.१ सारखा आकडा नेमका लिहिता येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. त्यामुळे अगदी टोकावरचा आकडा घसरू शकतो. २.६७५ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. सम आकड्याच्या नियमाने त्याचे २.६८ व्हायला हवेत, पण आत तो २.६७५ हून रेसभर कमी साठवलेला असतो म्हणून २.६७ होतात. तुमच्या एखाद्या बिलात टॅक्स ५.३५ आला असेल तर त्याचे निम्मे करताना हेच झालं असणार.

पण ही गडबड एका पैशाच्या पुढे जात नाही, आणि तीही क्वचित. दोन रुपये अडतीस पैसे त्यातून निघत नाहीत. ते निघाले एका नगाचा टॅक्स आधी गोल करून मग गुणण्यातून, आणि ती चूक तुम्ही कागद-पेन्सिलीने केली असती तरी तितकीच झाली असती. संगणकाच्या दशांशांवर सगळं ढकललं असतं तर मी एकच ओळ बदलून घरी गेलो असतो आणि पुढच्या महिन्यात कारखान्यातून पुन्हा फोन आला असता.

सप्टेंबर २०२५ चा फरक इतका मोठा का निघाला? तो तर पैशांत नाही, शेकड्यांत आहे.

हे मला शोधायला सांगितलं नव्हतं. जुनी बिलं नव्या स्क्रिप्टमधून फिरवून बघताना ते सापडलं, आणि खरं सांगायचं तर वरच्या सगळ्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तुमच्या दुकानात कंपासपेटी १२ वरून ५ टक्क्यांवर आली आणि शाळेच्या वह्या १२ वरून शून्यावर. तुमच्या मुलाने त्याच दिवशी वस्तूंच्या यादीत नवे दर टाकले. त्याने काही चूक केली नाही. चूक स्क्रिप्टची. ती बिलाच्या ओळीत फक्त वस्तू, नग आणि रक्कम साठवायची, दर साठवायची नाही. महिन्याअखेरीस गोषवारा काढताना तिने दर यादीतून उचलला, आणि यादीत तेव्हा नवा दर होता. म्हणजे १ ते २१ सप्टेंबरची बिलं छापली गेली १२ टक्क्यांनी, पण गोषवाऱ्यात मोजली गेली ५ टक्क्यांनी.

एक उदाहरण. ११२ रुपयांची कंपासपेटी म्हणजे १०० किंमत आणि १२ टॅक्स. २२ तारखेच्या आधी अशा ४० पेट्या गेल्या असतील तर विक्री ४४८० आणि बिलांवरचा टॅक्स ४८०. गोषवाऱ्याने त्याच ४४८० वर ५ टक्के धरून २१३.३३ दाखवले. २६६.६७ रुपये कमी, आणि तेही एकाच वस्तूवर. वह्यांचं तर विचारूच नका. त्यांचा एकवीस दिवसांचा सगळा टॅक्स गोषवाऱ्यातून गायब होता, कारण यादीच्या हिशेबाने वह्यांवर टॅक्सच नव्हता.

आता प्रत्येक ओळीत त्या क्षणीचा दर बिलासोबतच साठतो. यादीतला दर उद्या बदलला तरी कालच्या बिलाला धक्का लागत नाही. जुनं बिल पुन्हा छापलं तरी जुन्याच दराने छापलं जातं. आधी तेही नव्या दराने छापलं जायचं, ही भानगड तुमच्या अजून लक्षात आली नव्हती.

दुरुस्ती नेमकी काय केली?

टॅक्ससकट दराच्या ओळीसाठी आता हिशेब असा होतो:

```python
P = Decimal("0.01")
gross = mrp * qty
half = (gross * rate / 2 / (100 + rate)).quantize(P, ROUND_HALF_UP)
cgst = sgst = half
taxable = gross - cgst - sgst
```

यात तीन गोष्टी बदलल्या. नग आधी गुणले जातात आणि पैशापर्यंत गोल करणं अगदी शेवटी, ओळीमागे एकदाच होतं. सीजीएसटी आधी निघतो आणि एसजीएसटी म्हणजे तोच आकडा दुसऱ्या रकान्यात. दोन्हींचे दर सारखे आहेत, म्हणून रकमाही सारख्याच हव्यात. आणि मूळ किंमत वेगळ्या सूत्राने काढायची नाही, उरलेली रक्कम म्हणजे मूळ किंमत.

ही तिसरी गोष्ट वाटते त्यापेक्षा कामाची आहे. एक पेन घ्या, दहा रुपये. कुणी आधी मूळ किंमत काढेल: १० × १०० ÷ ११८, म्हणजे ८.४७. त्यावर नऊ-नऊ टक्के ०.७६ आणि ०.७६. बेरीज ९.९९. पेन दहाचं, बिल नऊ रुपये नव्व्याण्णव पैशांचं! उलट टॅक्स आधी काढला तर ०.७६ दोनदा म्हणजे १.५२, उरले ८.४८, बेरीज बरोबर दहा. नियम ३५ चं सूत्रही टॅक्सचंच आहे, मूळ किंमत त्यातून वजा होऊन मिळते. जुन्या स्क्रिप्टमधली एवढी एक गोष्ट धड होती.

`Decimal` म्हणजे आपण कागदावर करतो तसा दशांशाचा हिशेब, आणि `ROUND_HALF_UP` म्हणजे अर्धा आला की वर, शाळेचा नियम. तुमच्या मुलासाठी एक सूचना: वस्तूंच्या यादीतून किंमत वाचताना ती मजकूर म्हणून वाचायची आणि मग `Decimal("12.50")` अशी द्यायची. आधी साध्या दशांश आकड्यात घेऊन मग `Decimal` केली तर आतली घसरलेली शेपटी तशीच पुढे येते.

कारखान्याच्या त्याच बिलावर आता पेनांचा सीजीएसटी ३८१.३६ आणि एसजीएसटी ३८१.३६, स्टेपलरचा ९९.१५ आणि ९९.१५. टॅक्स एकूण ९६१.०२, मूळ किंमत ५३३८.९८, बिल ६३००.

दर अधिक जीएसटीच्या बिलावर आता १२.५० ला टॅक्स २.२६ येतो. १८ टक्के काढले तर २.२५ होतात. मग हे बरोबर कसं?

बरोबर आहे, आणि हा प्रश्न पार्टीही विचारणार म्हणून उत्तर जवळ ठेवा. १८ टक्के असा एक टॅक्स तुमच्या बिलावर नाहीच. नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा, दोन वेगळ्या कायद्यांखालचे दोन टॅक्स आहेत. १२.५० चे नऊ टक्के १.१२५, पैशापर्यंत १.१३. दोन्ही मिळून २.२६. एकूण टॅक्स हा आता वेगळा काढला जात नाही, दोन्हींची बेरीज हाच एकूण. म्हणून तो आता कधीही बेरजेशी भांडत नाही.

बेळगावच्या पार्टीला मात्र आयजीएसटी लागतो, कारण माल राज्याबाहेर जातो. तिथे टॅक्स एकच, १८ टक्क्यांचा. त्यामुळे ५०० पेनांवर तिकडे ७६२.७१ येतील आणि इथल्या पार्टीला ७६२.७२. हा एक पैसा चूक नाही.

काउंटरवर सुटं एकेक पेन जातं. तिथे दर वेळी १.५२ धरले तर महिन्याअखेर फरक पडणार नाही का?

पडेल, जर प्रत्येक पेनाचं वेगळं बिल केलं तर. पण तशी गरज नाही. विक्री २०० रुपयांपेक्षा कमी असेल, गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी नसलेलं असेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर वेगळं बिल न देता दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल करता येतं. तुम्ही ते करतच होता, फक्त स्क्रिप्ट त्यातही एकेका नगाचा टॅक्स गुणत होती. आता दिवसाची त्या वस्तूची एकच ओळ होते. दिवसाला २४० पेनं गेली तर २४०० रुपयांवर १८३.०५ आणि १८३.०५, एकूण ३६६.१०. जुन्या पद्धतीने ३६७.२० व्हायचे.

महिन्याचा गोषवारा आता कसा बनतो?

तो आता स्वतः काहीच काढत नाही. प्रत्येक बिलावर छापलेले आकडे उचलतो आणि दरानुसार बेरीज करतो. दिवाणजींनी बिलं हातात घेऊन बेरीज केली तर पैशाला पैसा तीच यायला हवी.

यावर दिवाणजींचा आक्षेप आहे तो मला मान्य आहे: महिन्याच्या एकूण विक्रीवर १८ ÷ ११८ केलं तर थोडा वेगळा आकडा येतो. येणारच. शंभर ओळी शंभर वेळा गोल केल्या की बेरीज एकदाच गोल केलेल्या आकड्याशी पैशापर्यंत जुळत नाही. दोनपैकी एक निवडायचा तर बिलावर छापलेला निवडायचा, कारण गिऱ्हाइकाला तोच दिला आहे आणि पार्टी २बी शी तोच ताडणार आहे.

बिलाच्या शेवटचं राउंड ऑफ?

तसंच ठेवलं. ते टॅक्स काढून झाल्यावर वेगळ्या ओळीत येतं आणि टॅक्समध्ये मिसळत नाही. कायद्याच्या कलम १७० मध्ये भरायच्या टॅक्सचं रुपयापर्यंतचं पूर्णांकन आहे, पन्नास पैसे आणि वर असतील तर पुढचा रुपया. ते वेगळं, त्याचा बिलातल्या ओळींशी संबंध लावू नका.

होऊन गेलेल्या बिलांचं काय करायचं?

इथे मी फक्त यादी देऊ शकतो, निर्णय तुमच्या सीएंचा. ज्या ज्या बिलात जुना आणि नवा टॅक्स वेगळा निघाला त्यांची यादी मी काढून दिली आहे. त्यात बिल नंबर, तारीख, बिलावर छापलेला टॅक्स, रिटर्नमध्ये गेलेला टॅक्स आणि आता निघालेला टॅक्स असे रकाने आहेत. सीएंशी बोलताना तीन प्रकार वेगळे ठेवा, कारण तिन्हींची दिशा निराळी आहे.

कारखान्याच्या बिलात तुम्ही टॅक्स म्हणून ९६३.४० दाखवले आणि सरकारकडे ९६१.०२ गेले. टॅक्सच्या नावाने जे घेतलं ते भरलंच पाहिजे असं कलम ७६ सांगतं, मग दर चुकून जास्त लागला असला तरी. बिलावर जास्त लागलेला टॅक्स कमी करायचा तर कलम ३४ खाली क्रेडिट नोट हा मार्ग आहे. त्याला मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यावर येणारी ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, यातली जी आधी असेल ती. दोन रुपयांसाठी क्रेडिट नोट काढायची की फरक भरून टाकायचा, हे ते सांगतील.

सप्टेंबर २०२५ चा प्रकार यापेक्षा सरळ आहे आणि लवकर निपटायला हवा. तिथे बिलं बरोबर होती, गिऱ्हाइकाकडून १२ टक्के घेतले होते आणि रिटर्नमध्ये कमी दाखवले गेले. तो फरक भरायचाच आहे, आणि उशीर झालेल्या रकमेवर वर्षाला १८ टक्के व्याज चालू आहे. पुढच्या ३बी रिटर्नमधून भरायचा की डीआरसी-०३ या वेगळ्या फॉर्मने, ते सीएंना विचारा, पण हे काम आधी काढा. ज्या नोंदणीकृत पार्टींना त्या एकवीस दिवसांत कंपासपेट्या किंवा वह्या गेल्या, त्यांच्या २बी मध्येही टॅक्स कमी दिसला असेल. त्यांची नावं यादीत वर घेतली आहेत.

तिसरा प्रकार बिलावर कमी आणि रिटर्नमध्ये जास्त गेलेल्यांचा, वीस रुपयांच्या पेनासारखा. तिथे सरकारचं काही बाकी नाही.

पुन्हा असं झालं तर आम्हाला कळेल का?

स्क्रिप्ट आता प्रत्येक बिल छापण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारते. मूळ किंमत, सीजीएसटी आणि एसजीएसटी मिळून ओळीची रक्कम होते का, दोन्ही टॅक्स सारखे आहेत का, आणि ओळींची बेरीज खालच्या एकूणाएवढी आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी बिल छापलं जात नाही आणि पडद्यावर त्या वस्तूचं नाव येतं. गर्दीच्या वेळी हे त्रासाचं होईल हे मला माहीत आहे. तशा वेळी हाताने बिल द्या आणि मला फोटो पाठवा, पण ती तपासणी बंद करू नका.

यादीत चुकीचा दर टाकला तर मात्र ती तपासणी काही पकडणार नाही. पेनाला कुणी १८ ऐवजी ५ टाकले तर सगळ्या बेरजा व्यवस्थित जुळतील आणि टॅक्स तरीही चुकेल. नवी वस्तू यादीत घालताना खरेदीच्या बिलावरचा दर आणि एचएसएन, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा कोड, बघूनच घाला.

आम्ही कॅल्क्युलेटरवर पटकन कसं बघायचं?

ओळीची पूर्ण रक्कम घ्या, एका नगाची नाही. १८ टक्क्यांची वस्तू असेल तर ९ ने गुणा, ११८ ने भागा. पाच टक्क्यांची असेल तर २.५ ने गुणा, १०५ ने भागा. तिसऱ्या दशांशावर पाच किंवा जास्त असेल तर एक पैसा वाढवा. आलेला आकडा बिलावर सीजीएसटीत एकदा आणि एसजीएसटीत एकदा दिसला पाहिजे.

स्क्रिप्टमध्ये कुणीही काहीही बदललं, अगदी बिलावरचा दुकानाचा पत्ता जरी, तरी त्यानंतर दोन बिलं काढून बघा: दहाचं एक पेन आणि दहाची ५०० पेनं. पहिल्यावर ०.७६ आणि दुसऱ्यावर ३८१.३६ आले पाहिजेत. दुसऱ्यावर ३८२.५० आले तर जुनी फाईल परत आली आहे असं समजा. तुमच्या संगणकावर `bill.py` आणि `bill_old.py` अशा दोन्ही फाईली आहेत. जुनी मी मुद्दाम ठेवली आहे, कारण सीएंनी मागितलं तर जुना टॅक्स कसा आला ते दाखवावं लागेल. त्यांचं काम झालं की मला सांगा, मी येऊन ती काढून टाकतो.